आपल्याच माणसांत कोंडलेला राजा

बुद्धिबळातली ही मात समजून घ्यायची तर शेवटापासून मागे यावे. काळा राजा कोपऱ्यात, एच-८ वर आहे. त्याच्या शेजारी जी-८ वर त्याचाच हत्ती, समोर जी-७ आणि एच-७ वर त्याचीच दोन प्यादी. कोपऱ्यातल्या राजाला शेजारची घरे तीनच, आणि तिन्ही घरांत घरचीच मंडळी. अशा वेळी पांढरा घोडा एफ-७ वर येऊन शह देतो आणि डाव संपतो. इंग्रजीत याला ‘स्मदर्ड मेट’ म्हणतात. आपण कोंडमाऱ्याची मात म्हणू.

ही मात घोडाच का करतो? हत्ती, उंट किंवा वजीर यांचा शह सरळ किंवा तिरक्या रेषेतून येतो. राजाभोवती माणसांची भिंत असली की त्या रेषा आपोआप बंद होतात. घोडा मात्र भिंतीवरून उडी मारतो, त्यामुळे त्याच्या शहात मोहरा आडवा घालण्याची सोयच नसते. उपाय दोनच उरतात, राजा हलवा नाहीतर घोडा मारा. राजाला घर नाही. एफ-७ वर मारा करणारे कुणी नसले, तर मात.

अडचण एवढीच की किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, झालेल्या नेहमीच्या डावात हत्ती असा जी-८ वर बसलेला नसतो आणि आपणहून तिथे जातही नाही. त्याला तिथे ओढून आणावे लागते. वजिराचा बळी त्यासाठीच असतो.

पट समोर घ्या. पांढऱ्या खेळाडूच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि त्याच्या बाजूने ओळी १ ते ८. काळ्याचा राजा जी-८ वर, हत्ती ए-८ वर, वजीर बी-२ वर, प्यादी ए-७, बी-७, जी-७, एच-७ वर. पांढऱ्याचा राजा जी-१ वर, प्यादी एफ-२, जी-२, एच-२ वर आणि घोडा जी-५ वर. पांढऱ्याचा वजीर नुकताच सी-४ वर येऊन शह देऊन उभा आहे. मोहऱ्यांच्या हिशोबात काळा वरचढ आहे, कारण घोड्यासमोर त्याच्याकडे हत्ती आहे.

सी-४ ते जी-८ या तिरक्या रेषेत काळ्याला काहीच आडवे घालता येत नाही. राजा एफ-८ वर गेला, तर वजीर एफ-७ वर येऊन लगेच मात करतो, कारण त्याच्या पाठीशी जी-५ चा घोडा आहे. म्हणून राजा एच-८ वर जातो. आता घोडा एफ-७ वर शह देतो. जी-८ अजून रिकामे असल्याने राजा परत तिथेच येतो. घोडा आणि राजा यांची नुसती येरझार चालली आहे असे इथे वाटते.

पण आता घोडा वजिराच्या रेषेत, राजा आणि वजीर यांच्या मधोमध उभा आहे. तो हलला की मागच्या वजिराचा शह उघडा पडतो. घोडा एच-६ वर जातो आणि तिथून स्वतःही शह देतो. हा दुहेरी शह. घोडा जी-७ च्या प्याद्याच्या तोंडात आहे, पण त्याला मारून उपयोग नाही, कारण वजिराचा शह उरतोच. दुहेरी शहात राजालाच हलावे लागते. तो एफ-८ वर गेला तर पुन्हा वजीर एफ-७ वर येऊन मात, या वेळी एच-६ च्या घोड्याच्या आधाराने. म्हणून तो परत एच-८ वर.

घोड्याने एच-६ च का निवडले? एफ-७ वरून निघालेल्या घोड्याला जी-८ वर नजर ठेवता येईल असे दुसरे घर नाही. आणि जी-८ वर नजर हवीच, कारण पुढच्या चालीला पांढरा आपला वजीर त्याच घरात नेऊन ठेवतो, राजाला अगदी खेटून. राजाने त्याला मारावे तर घोड्याचा पहारा आहे. हत्ती मात्र आठव्या ओळीतून सरळ येऊन त्याला मारू शकतो, आणि त्याला मारावेच लागते. नाही मारला तर वजिरानेच मात झालेली असते. हत्ती जी-८ वर येतो, राजाचे शेवटचे मोकळे घर बुजते आणि घोडा एफ-७ वर परत उडी मारतो. मात. काळ्याकडे वजीर आणि हत्ती दोन्ही शाबूत आहेत, आणि पांढऱ्याकडे राजा व प्यादी सोडली तर हा एकटा घोडा.

फ्रेंच खेळाडू आणि संगीतकार फिलिडोर याच्या नावाने हा डावपेच ‘फिलिडोरचा वारसा’ म्हणून ओळखला जातो. पण फिलिडोरचा जन्म १७२६ चा, आणि स्पेनच्या लुसेनाने १४९७ मध्ये छापलेल्या पुस्तकात ही मात आधीच आलेली आहे.

या चाली पाठ झाल्या की एक खोड लागते. घोडा एच-६ वर आणि राजा कोपऱ्यात दिसला की हात आपोआप वजिराकडे जातो. शाळेतल्या एका स्पर्धेत मी असाच वजीर जी-८ वर ठेवला आणि ऐटीत घड्याळाचे बटण दाबले. समोरच्या मुलाचा वजीर आठव्याच ओळीत, बी-८ वर होता. त्याने हत्तीऐवजी वजिराने मारले. मी घोडा एफ-७ वर नेला आणि त्याच्या वजिराने तोही उचलला. जी-८ वर बसलेला हत्ती एफ-७ ला हात लावू शकत नाही, कारण ते घर त्याच्या तिरके असते. वजिराला मात्र तिरके चालते, आणि उंटालाही. म्हणून बळी देण्याआधी विचारायचे ते हे, की वजिराला मारणार कोण? हत्ती किंवा घोडा मारणार असेल तर पुढे जा. वजीर किंवा उंट मारू शकत असेल तर थांबा. त्या दिवशी मी थांबलो असतो तरी हरलो नसतो. घोडा एफ-७, एच-६, एफ-७ असा शह देत फिरवत राहिला असता, तर तीच स्थिती तीनदा येऊन डाव बरोबरीत सुटला असता.

दुसरी तपासणी एच-७ च्या प्याद्याची. ते आधीच एक घर पुढे, एच-६ वर गेलेले असले, तर घोड्याच्या एफ-७ वरच्या पहिल्याच शहाला राजा एच-७ वर निसटतो. अनुभवी खेळाडू किल्लेकोटानंतर सवड मिळताच ते प्यादे एक घर सरकवून ठेवतात. ती चाल पुष्कळदा वाया गेल्यासारखी दिसते, पण त्या एका रिकाम्या घरामुळे कोंडमाऱ्याची ही सगळी मांडणी सुरू होण्याआधीच मोडते.