वजनाचा तिरका धक्का

बॉस्टन शहरातला 60 मजली जॉन हॅनकॉक टॉवर 1976 साली पूर्ण झाला, पण त्याआधीच तो बदनाम झाला होता. वाऱ्यात त्याच्या काचा निखळून खाली पडत होत्या आणि तिथे प्लायवूड ठोकलं जात होतं. त्या गडबडीत इमारतीच्या सांगाड्याचीही फेरतपासणी झाली आणि स्विस अभियंते ब्रुनो थ्युर्लिमान यांनी काचांपेक्षा गंभीर दोष दाखवला. लांब आणि सपाट आकाराचा हा टॉवर विशिष्ट वाऱ्यात आपल्या अरुंद कडेकडे कोसळू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कपाटातलं उभं पुस्तक पुठ्ठ्यावर आडवं न होता पानांच्या कडेकडे पडावं, तसं हे. शेवटी आत सुमारे 1,500 टन पोलादाचं तिरकं ब्रेसिंग घालावं लागलं.

या धोक्याचं नाव पी-डेल्टा परिणाम. पी म्हणजे वरचं वजन आणि डेल्टा म्हणजे खांबाचं डोकं ओळंब्यापासून जितकं सरकलं ते अंतर. खांब सरळ असेपर्यंत वजन मुकाट्याने पायात उतरतं. वाऱ्याने तो जरा झुकला की तेच वजन त्याला आणखी झुकवू लागतं.

छोटा हिशेब करून पाहू. 4 मीटर उंचीचा, सडपातळ खांबांचा एक लोखंडी सांगाडा आहे. डोक्यावर एकूण 100 टन वजन आहे आणि बाजूने वारा 3 टनांनी ढकलतो. साध्या गणिताने सांगाडा 40 मिलिमीटर सरकतो. आता 100 टन वजन 40 मिलिमीटर बाजूला गेल्यामुळे तळाशी 4 टन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. 4 मीटर उंचीवर तो म्हणजे आणखी 1 टनाचा आडवा धक्का. त्याने सांगाडा अजून 13 मिलिमीटर सरकतो, त्यामुळे पुन्हा थोडा धक्का वाढतो, मग पुन्हा थोडा. ही भर कमी कमी होत 60 मिलिमीटरवर थांबते, म्हणजे पहिल्या उत्तराच्या दीडपट. वजन 200 टन केलं तर 120 मिलिमीटर. आणि 300 टनांवर हा हिशेब थांबतच नाही: वजनाचा धक्का सांगाड्याच्या परत ओढण्याच्या जोराइतका होतो आणि वारा नसला तरी सांगाडा उभा राहत नाही.

इथे अनेकांची गफलत होते. जास्त मजबूत पोलाद वापरलं की झालं, असं त्यांना वाटतं. पण साधं पोलाद असो की उच्च ताकदीचं, ताण दिल्यावर दोन्ही जवळपास सारखीच लांबतात. फरक पडतो तो तुटण्याच्या वेळी. उलट महाग पोलादाच्या भरवशावर खांब बारीक केले तर डेल्टा वाढतो. इथे कमी पडतो तो ताठरपणा.

आणि ताठरपणा मिळवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे तिरका अँगल. वरच्याच सांगाड्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना, 3 मीटर रुंदीच्या गाळ्यात 75 बाय 75 बाय 6 मापाचे अँगल फुलीसारखे लावा. तिरक्याची लांबी 5 मीटर भरते. वारा एका दिशेने आला की दोन तिरक्यांपैकी एक ताणला जातो. दाबात येणारा लांबट अँगल बाहेर फुगून कामातून जातो, म्हणून तो धरतच नाही. तरीही सरकणं गणितात 40 मिलिमीटरवरून सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतं. बोल्टच्या भोकांतली ढिलाई आणि खांबांचं लांबणं-आखडणं धरून ते थोडं जास्त होईल, पण पी-डेल्टाची भर एखाद-दोन टक्क्यांवर येते. प्रत्येक तिरक्यात ताण येतो फक्त अडीच टन, जो अँगलच्या कुवतीच्या कितीतरी खाली आहे.

भारतीय मानक 800 यासाठी एक परीक्षा देतं. कोणताही खांब अगदी ओळंब्यात उभा होत नाही, म्हणून वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतका काल्पनिक आडवा जोर लावून पाहायचा. भिंती-पत्र्यांनी झाकलेल्या सांगाड्यात, त्यांची मदत हिशेबात धरली नसेल तर, मजला उंचीच्या दोन हजाराव्या भागापेक्षा जास्त सरकता कामा नये. आपल्या उदाहरणात ही मर्यादा 2 मिलिमीटर आहे. ब्रेसिंगशिवाय आपला सांगाडा जवळपास 7 मिलिमीटर सरकतो. ब्रेसिंगसह 0.2.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो नंतर. दार काढायला किंवा टेम्पो आत घ्यायला एखादा तिरका अँगल आड येतो. त्यावर ताण तर काहीच दिसत नाही, म्हणून तो गॅसने कापला जातो. सांगाडा त्या दिवशी पडत नाही, कारण वारा नसतो आणि माळाही अर्धा रिकामा असतो. काही मालक एकाच दिशेला ब्रेसिंग करून दुसरी दिशा मोकळी सोडतात. हॅनकॉकलाही दगा दिला तो ज्या दिशेची काळजी वाटत नव्हती, तिनेच.

तुमच्या गाळ्यात किंवा शेडमध्ये तिरका अँगल वाटेत येत असेल, तर कटर चालवण्याआधी डिझाइन करणाऱ्या अभियंत्याला बोलवा. तो ब्रेसिंग शेजारच्या गाळ्यात हलवू शकतो किंवा खालून वाट राहील असं उलट्या व्हीच्या आकाराचं करून देऊ शकतो. नवं ब्रेसिंग बसून बोल्ट आवळले गेल्यावरच जुनं काढा.