नाटकाला एक लॅडर, पालखीला दुसरी

सकाळी ९:३०

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात रात्री दोन मास्टर फाइल येऊन पडल्या आहेत. एक दोन अंकी नाटकाचं चित्रण आहे, दुसरी पालखी सोहळ्यावरची तासाभराची फिल्म. तिच्यात दिवे घाटातला पाऊस, पताका आणि माणसांचा लोंढा आहे. दोन्ही १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम. आमच्या जुन्या पद्धतीत दोघींना एकच लॅडर लागली असती: ३६०पीला ६०० किलोबिट, ४८०पीला १२००, ७२०पीला २४०० आणि १०८०पीला ४८००. बघणाऱ्याचं नेट जसं चालेल तशी यातली पायरी प्लेअर निवडतो.

पण दिवाणखान्यात दोन पात्रं बसून बोलत असतील, तर मागची भिंत फ्रेममागून फ्रेम तीच असते. एन्कोडरला नवीन सांगण्यासारखं फार थोडं उरतं. पावसातल्या गर्दीत मात्र प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ सगळंच नवीन. म्हणून नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१५ मध्ये प्रत्येक शीर्षकाची लॅडर वेगळी काढायची पद्धत जाहीर केली. आमच्याकडे तीच पद्धत लहान प्रमाणावर चालते.

आधी फाइल डोळ्यांनी बघतो. पालखीतले काही शॉट इंटरलेस्ड निघाले. पताका हलली की तिच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. या रेघा एन्कोडरला बारीक तपशील वाटतात. त्यांच्यासकट मोजलं तर व्हिडिओ आहे त्याहून अवघड ठरेल आणि बिट त्या रेघा जपण्यात जातील. एडिटरला फोन लावला.

“तेवढे शॉट डीइंटरलेस करून पाठव.”

“दुपारपर्यंत देतो, दादा.”

१०:३०

तोवर नाटक हातात घेतलं. अडीच तासांच्या नाटकाचे डझनावारी एन्कोड करण्यात मशीन अडकवायचं नाही, म्हणून नमुने घेतो. दर दहा मिनिटांनी वीस सेकंदांचा तुकडा. त्याआधी अख्ख्या फाइलवर एक झटपट सीआरएफ एन्कोड फिरवतो. सीआरएफमध्ये दर्जा साधारण एकसारखा राहतो आणि बिटरेट गरजेप्रमाणे वरखाली होतो, त्यामुळे बिटरेटचा आलेख जिथे उसळतो ती जागा अवघड समजायची. नाटकात दुसऱ्या अंकातला स्वप्नप्रवेश उसळलाय: निळे दिवे आणि रंगमंचावर सोडलेला धूर. तो तुकडाही नमुन्यात घातला.

मग प्रत्येक तुकडा चार रिझोल्यूशनमध्ये, सीआरएफच्या वेगवेगळ्या आकड्यांवर एन्कोड करायचा आणि मूळ तुकड्याशी ताडून बघायचा:

```
ffmpeg -i namuna.mov -vf scale=1280:720 -c:v libx264 -preset slow -crf 23 -an n720.mp4
ffmpeg -i n720.mp4 -i namuna.mov -lavfi "[0:v]scale=1920:1080:flags=bicubic[d];[d][1:v]libvmaf" -f null -
```

दुसरी ओळ व्हीमॅफचे गुण देते, शंभरपैकी. ७२०पीची फाइल आधी १०८०पीला ताणून मगच मोजायची, कारण प्रेक्षकाच्या पडद्यावरही ती ताणलेलीच दिसणार. दोन्ही फाइल फ्रेमला फ्रेम जुळल्या पाहिजेत. एका फ्रेमची सरक झाली तरी हालचालीच्या दृश्यात गुण धाडकन पडतात. स्थिर दृश्य बरं आणि हलतं दृश्य एकदम भिकार दिसलं, तर एन्कोडरला दोष देण्याआधी जुळणी तपासावी.

१२:००

आलेख तयार. आडवा बिटरेट, उभे गुण, प्रत्येक रिझोल्यूशनची एक वक्ररेषा. नाटकाची ७२०पीची रेषा सुरुवातीला झपकन चढते आणि नव्वदीच्या आसपास आडवी होते. पुढे कितीही बिट ओतले तरी उपयोग नाही, कारण आकार लहान करताना गेलेला तपशील परत येत नाही. १०८०पीची रेषा साधारण ८०० किलोबिटला तिला ओलांडते. म्हणजे जुन्या लॅडरने २४०० किलोबिटला ७२०पी देऊन जे नव्वद गुण मिळवले असते, त्याहून जास्त, ९५ गुण, १०८०पी १९०० किलोबिटलाच देतंय.

जिथे जी रेषा सगळ्यात वर, तिथे ते रिझोल्यूशन. या वरच्या कडेवरूनच पायऱ्या उचलायच्या. शेजारच्या दोन पायऱ्यांत बिटरेट दीडपट ते दुप्पट ठेवतो. गुणांत सहाच्या आसपास फरक नसेल तर तो नजरेला सहसा जाणवत नाही, मग मधली पायरी ठेवण्यात अर्थ नाही. नाटकाची लॅडर अशी बसली: ४८०पी ३०० ला, ७२०पी ५५० ला, १०८०पी १००० ला आणि १०८०पी १९०० ला. सगळ्यात वरच्या पायरीवर एका तासाच्या चित्राला सुमारे ८५५ एमबी लागतील. जुन्या लॅडरच्या वरच्या पायरीवर २.१६ जीबी लागले असते.

दुपारी २:००

पण ९५ ही सरासरी आहे, आणि सरासरी लपवाछपवी करते. फ्रेमवार गुण काढले तर स्वप्नप्रवेश ८१ वर घसरलाय. धुरात चौकोन दिसतात, निळ्या उजेडाचे पट्टे पडतात. पट्टे तर व्हीमॅफला नीट पकडताच येत नाहीत, त्यासाठी मोठ्या पडद्यावर स्वतः बघावं लागतं.

उपाय सोपा वाटतो: `-maxrate` वाढवायचा, म्हणजे अवघड प्रवेशाला जास्त बिट मिळतील. ३८०० केला तर प्रवेश ९१ वर येतो आणि सरासरी बिटरेट फारसा हलत नाही. मात्र एचएलएसच्या प्लेलिस्टमध्ये `BANDWIDTH` म्हणून कमाल आकडा लिहावा लागतो आणि बरेच प्लेअर त्यावरच निवड करतात. ज्याचं नेट ३००० किलोबिटचं आहे, त्याला बहुतेक नाटक या पायरीवर आरामात चाललं असतं. पण प्लेअर ३८०० वाचून त्याला १००० च्या पायरीवर उतरवणार. एका प्रवेशासाठी दोन्ही अंक मऊ दिसणार. २८०० वर तडजोड केली. प्रवेश ८७ वर आला, चौकोन गेले, पट्टे पुसट झाले.

४:००

पालखीची दुरुस्त फाइल आली. इथे चित्र उलटं आहे. १०८०पीची रेषा ७२०पीला ओलांडते ती थेट ५६०० किलोबिटच्या पुढे. आमच्या जुन्या ४८०० वर १०८०पीला ७६ गुण, ७२०पीला ७९. तेवढ्याच बिटांत लहान चित्र नीट राहतं आणि मोठ्या चित्रातले चेहरे विरघळतात. पायऱ्या ठरल्या: ३६०पी ६०० ला, ४८०पी ११०० ला, ७२०पी २१०० आणि ४००० ला, १०८०पी ७५०० ला. शेवटच्या पायरीला ८६ च गुण मिळतात, पण ७५०० च्या वर जायचं नाही असं आमच्याकडे ठरलेलं आहे.

५:३०

चाचणीची लिंक बघून पालखीच्या दिग्दर्शकांचा फोन.

“अहो, माझ्या घरी १०८०पी येतच नाहीये. ७२०पीच दिसतंय.”

“नेट किती आहे सर?”

“पाच-साडेपाच एमबीपीएस. बाकी सगळं १०८०पी चालतं की!”

त्यांना एकाच दृश्याच्या दोन फाइल पाठवल्या, दोन्ही ४८०० किलोबिटच्या, नावात रिझोल्यूशन न लिहिता. दहा मिनिटांनी म्हणाले, “पहिली ठेवा. दुसरीत टाळांवरचे हात पुसल्यासारखे दिसतात.” पहिली ७२०पी होती. सांगितल्यावर म्हणाले, “मग कोपऱ्यात तो आकडा तरी दाखवू नका.” ते आमच्या हातात नाही, प्लेअरच्या टीमला कळवलं.

७:००

दोन्ही फाइल रात्रीच्या रांगेत लावल्या. सगळ्या पायऱ्यांना की-फ्रेम दर दोन सेकंदांनी एकाच जागी, नाहीतर पायरी बदलताना चित्र अडखळतं. रांगेत जुन्या मुलाखतींची एक थप्पीही आहे, प्रत्येक मुलाखत जेमतेम काही लोक बघणार. त्यांच्यासाठी इतके चाचणी एन्कोड केले तर डेटाच्या बचतीपेक्षा मशीनचा खर्च जास्त होईल. म्हणून त्यांच्यातल्या दोन-तीन मुलाखती मोजून ‘बसून बोलणं’ या वर्गाची एकच लॅडर काढली आणि सगळ्या थप्पीला लावली. एखादी जास्त बघितली जायला लागली, तर तिची वेगळी काढू.