अडकलेला टीडीएस आणि उशीरमाफी

समजा, 2021-22 मध्ये एका निवृत्त शिक्षिकेच्या ठेवींवर बँकेने 18,000 रुपये टीडीएस कापला. कर शून्य होता. पण आजारपणात 31 डिसेंबर 2022 ची विलंबित विवरणपत्राची मुदतही हुकली. तरी रक्कम बुडाली नाही. आयकर कायदा 1961 च्या कलम 119(2)(ब) खाली त्या प्रधान आयुक्तांकडे उशीर माफ करण्याचा अर्ज करू शकतात, तोही 31 मार्च 2028 पर्यंत.

अर्जाचा जीव कारणात असतो. ‘तब्येत बरी नव्हती’ एवढ्याने भागत नाही. रुग्णालयात राहिल्याच्या तारखा मुदतीशी जुळायला हव्यात. माफी म्हणजे परतावा नव्हे. आदेशानंतर विवरणपत्र भरावे लागते, आणि अशा उशिराच्या परताव्यावर व्याज मिळत नाही.