मैत्रिणीच्या आईला पत्र लिहिताना

होस्टेलच्या बहुतेक खोल्यांत एक तरी मुलगी अशी असते, जिच्या घरून येणारा डबा तिच्या एकटीसाठी नसतो. तिची आई मोजूनमापून चौघींचं करते. त्या आईचे आभार मानावेत असं सगळ्यांच्या मनात असतं, पण कागद समोर घेतला की ‘तुमच्या हाताला चव आहे’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. हे वाक्य खोटं नसतं. पण ते कोणत्याही काकूंना चालेल असं असतं.

डबा एसटीत चढला, इथपर्यंतचंच पाठवणारीला ठाऊक असतं. पुढचं लेकीच्या फोनवरून ‘हो, संपलं सगळं’ एवढंच कळतं. मधली सगळी हकिगत तिला सांगणं, हे आभाराच्या पत्राचं खरं काम. सोलापूरच्या काकूंना पुण्याच्या होस्टेलमधून जाणारं पत्र असं असू शकेल:

‘ती. काकूंना, सा. न. वि. वि.

शनिवारी डबा मिळाला. कडक भाकरी आम्ही तिघी आधी नुसतीच मोडून खात होतो. दह्यात चुरून, वर शेंगाचटणी घालून खायची, हे तुमच्या लेकीने शिकवलं. सध्या परीक्षा आहे. मेस रात्री नऊला बंद होते आणि आमचा अभ्यास बारापर्यंत चालतो. त्या वेळी एकेक भाकरी निघते. चटणीला सुटलेलं तेल बघूनच कळलं, की ती कुटलेली आहे. इतके दाणे भाजून, सोलून, कुटण्यात तुमची अख्खी दुपार गेली असणार. आमच्यातल्या एकीला तिखट सोसत नाही, म्हणून तुम्ही कमी तिखटाची पुडी वेगळी बांधलीत. तिने ती लगेच आपल्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. सुट्टीत आम्ही सोलापूरला येतोय. तेव्हा कुटायला आम्हाला बसवा. काकांना नमस्कार.’

पत्र एवढंच. खाली तिघींच्या सह्या, प्रत्येकीच्या स्वतःच्या हातच्या. जुन्या रीतीप्रमाणे स्वतःच्या आईवडिलांना तीर्थरूप आणि त्यांच्या जागी असणाऱ्यांना तीर्थस्वरूप लिहितात; ‘ती.’ लिहिलं की दोन्ही भागतं. हा मायना जड वाटला तर ‘प्रिय काकू, नमस्कार’ लिहायलाही हरकत नाही. आपण त्यांना समोर जशी हाक मारतो, तशीच पत्रात मारावी.

या पत्रात चवीचं कौतुक शब्दाने कुठेच नाही, तरी ते पोचतं, कारण पदार्थ कोणी, कधी आणि कसा खाल्ला ते आलं आहे. सगळ्यांत महत्त्वाची ती वेगळी पुडी. काकूंनी ज्याचा विचार केला, ते आपल्या लक्षात आलं, हे कळवणं म्हणजेच आभार. म्हणून लिहायला बसण्याआधी डब्यात असं काय होतं, जे त्यांनी मुद्दाम केलं, ते आठवावं. कधी दोन थरांमध्ये घातलेला कागद असतो, कधी प्रवासात टिकाव्यात म्हणून दुधात भिजवलेल्या दशम्या असतात.

काही वाक्यं मात्र चांगल्या हेतूने लिहिली तरी उलटी पडतात. ‘मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही, तुमच्यामुळे जगतोय’ असं लिहिलं, की आपली लेक तिथे उपाशी राहते आहे या काळजीने काकूंची झोप उडते. ‘पुढच्या वेळी लाडूही पाठवा’ असं गमतीने लिहिलं, तरी त्या खरोखर बेसन भाजायला घेतात. आणि जे बिघडलं त्याची तारीफ करू नये. उन्हाळ्यात पुरणपोळी प्रवासातच आंबते. पुरणाला आंबूस वास आला किंवा पोळी मोडताना तार सुटली, की ती टाकावीच लागते. ‘पोळ्या छान होत्या’ असं लिहिलं, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच पोळ्या पुन्हा येतील. ही गोष्ट पत्रात न घालता मैत्रिणीकडून हळूच कळवावी: पोळ्या थंडीत पाठवा, आत्ता चटणी आणि दशम्या पुरेत.

पत्र पाठवायची उत्तम वेळ म्हणजे डबा परत जातो तेव्हाची. व्हॉट्सॲपवरचा निरोप लगेच पोचतो आणि तेवढ्याच लवकर वर सरकून जातो; डब्यातला कागद काकू शेजारणीलाही वाचायला देतात. डबा घासून, पूर्ण कोरडा करून मगच कागद ठेवावा, नाहीतर शाई पसरते. आणि आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. बाकरवडीचं पाकीट ठेवावं. महिनाअखेर असेल आणि पैसे नसतील, तर चार चमचे साखर घातली तरी रीत पाळली जाते.