फोन पडला आणि सिम दिसेना: ट्रे, कॉन्टॅक्ट आणि पिना कशा क्रमाने तपासायच्या?



मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकलं की एक गिऱ्हाईक तुमच्याकडे हमखास येणार. "भाऊ, काल ट्रॅक्टरवरून फोन पडला, तवापासून सिमच दाखवून नाही राहिला." स्क्रीन फुटलेली नाही, टच चालतो, चार्जिंग होतं, फक्त वर No SIM लिहून येतं. मेहकर असो की मलकापूर, चिखली असो की खामगाव, हे काम सगळीकडे येतं.

अशा वेळी बरेच नवीन कारागीर पटकन सांगून टाकतात, "सिम खराब झालं, नवीन काढून घ्या." इथे जरा थांबा. सिम बदललं की नवीन सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक थांबवण्यासाठी दूरसंचार विभागाने 2022 मध्ये हा नियम केला. म्हणजे ज्याला आज बँकेचा ओटीपी पाहिजे, त्याचं काम एक दिवस अडलं. आणि बिघाड स्लॉटमध्ये असेल, तर नवीन सिमही दिसणार नाहीच. म्हणून आधी खात्री, मग सल्ला.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

फोन खोलायची घाई करू नका. पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन सिम बंद तर केलेलं नाही ना, ते बघा. मग डायलरवर `*#06#` दाबा. 15 आकडी आयएमईआय नंबर दिसला, तर नेटवर्कचा भाग निदान जिवंत आहे असं धरून पुढे जा. नंबर आलाच नाही, तर दोष बहुतेक बोर्डात आहे. तिथे स्लॉट साफ करून उपयोग होत नाही.

त्यानंतर अदलाबदल करा. गिऱ्हाइकाचं सिम दुकानातल्या चालू फोनमध्ये टाका. तिथे चाललं, तर सिम निर्दोष सुटलं. मग आपलं चालू सिम त्याच्या फोनच्या पहिल्या स्लॉटमध्ये आणि नंतर दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून बघा. एवढ्या पाच मिनिटांत दोष सिमचा, एका स्लॉटचा की पूर्ण फोनचा, हे बहुतेक वेळा कळतं.

ट्रे नीट बसलाय का?

सिमचा ट्रे म्हणजे नुसतं झाकण नाही. सिमचे सोनेरी ठिपके स्लॉटच्या पिनांवर बरोबर आणून ठेवणं हे त्याचं काम. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये स्लॉटच्या आत एक बारीक स्विच असतो. ट्रे शेवटपर्यंत गेला की तो दबतो आणि सिम आलं हे फोनला समजतं. पडल्यावर फोनची कड चेपली, तर ट्रे केसभर बाहेर राहतो. मग सिम चांगलं, पिना चांगल्या, तरी No SIM.

ओळखायचं कसं? ट्रेच्या तोंडावरून नख फिरवा. तो बॉडीशी सपाट लागला पाहिजे. मग ट्रे काढून काचेवर ठेवा. डुगडुगला तर वाकला आहे. वाकलेला ट्रे सरळ करत बसण्यापेक्षा त्याच मॉडेलचा नवीन टाका. दिसायला सारखा पण दुसऱ्या मॉडेलचा ट्रे आत जातो, पण सिम पिनांवर बसेलच असं नाही.

कॉन्टॅक्ट घाण आहेत का?

आपल्याकडे फोन शेतात असतो, खिशात धूळ आणि घाम दोन्ही. सिमच्या ठिपक्यांवर काळपट थर बसतो. पडल्यावर सिम थोडं सरकतं आणि थर असलेली जागा पिनेखाली येते.

सिमचे ठिपके पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच पुसा आणि कीस झटकून टाका. पॉलिश पेपर लावू नका, सोनेरी मुलामा निघून जातो. स्लॉटसाठी फोन बंद करा, मऊ ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब घ्या आणि पिना ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने ब्रश फिरवा. आडवा फिरवला तर चांगली पिनही वाकते. पूर्ण वाळल्यावरच फोन चालू करा.

पिन वाकली आहे का?

आता सगळ्यात नाजूक भाग. स्लॉटमधल्या पिना म्हणजे बारीक स्प्रिंगच्या पट्ट्या. एक टोक पक्कं, दुसरं टोक वर उचललेलं. सिम आलं की ते टोक दबतं आणि ठिपक्याला टेकून राहतं.

ही टोकं नुसत्या पडण्याने कमी वाकतात. जास्त वाकतात ती नंतर ट्रे जोरात ओढल्याने. पडल्यावर सिम ट्रेमधून निसटलं असेल किंवा अ‍ॅडॉप्टरमध्ये नॅनो सिम घातलेलं असेल, तर पिनेचं टोक मोकळ्या जागेत वर येतं आणि ट्रेच्या कडेला अडकतं. ट्रे अर्ध्यात अडकला की तिथेच हात थांबवा. पक्कड लावून ओढला, की पिना उपटल्या जातात. फोन खोलून ट्रे मोकळा करा.

एक उदाहरण घेऊ. समजा, मेहकरकडच्या एका काकांचा दोन सिमचा फोन आला. आयएमईआय दिसतो. त्यांचं सिम आपल्या फोनमध्ये चालतं. आपलं सिम त्यांच्या पहिल्या स्लॉटमध्ये दिसत नाही, दुसऱ्यात दिसतं. म्हणजे दोष फक्त पहिल्या स्लॉटपुरता. ट्रे सपाट आहे, साफसफाई करूनही फरक नाही. टॉर्च मारून भिंगातून बघितलं, तर बाकीच्या पिना एका ओळीत आणि एक खाली बसलेली.

सगळ्यात आधी काकांचं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून द्या. त्यांचे फोन आणि ओटीपी तिथल्या तिथे सुरू झाले. आता दुरुस्तीला सवड मिळाली.

मग फोन खोला, बॅटरीचा कनेक्टर काढा आणि मायक्रोस्कोपखाली बारीक सुईने ती पिन टोकाखालून थोडी थोडी उचला. शेजारच्या पिनेइतकी उंची झाली की थांबा. जास्त उचलली तर पुढच्या वेळी ट्रेला तीच अडकेल, आणि दोनचार वेळा वाकवली तर तुटेल. झाल्यावर सिम तीन वेळा काढून घाला, फोन हलकासा हलवून बघा. सिम टिकलं तरच काम झालं.

पिन तुटलेली असेल किंवा स्लॉटच बोर्डावरून उखडला असेल, तर स्लॉट बदलावा लागतो. ते हॉट एअरचं काम आहे. स्लॉटचं प्लास्टिक पटकन वितळतं आणि खालचे पॅड निघू शकतात. हात बसला नसेल तर बोर्डाचं काम करणाऱ्याकडे पाठवा आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

शेवटची एक सवय. फोन हातात घेतल्या घेतल्या, गिऱ्हाइकासमोरच टॉर्च मारून स्लॉट दाखवा आणि फोटो काढून ठेवा. पिन आधीच वाकलेली होती की तुमच्याकडे वाकली, हा वाद मग होत नाही.