फुटलेल्या पार्सलची तक्रार

कुरिअरने आलेले पार्सल फुटलेले निघाले, तर तक्रारीला पाच-सहा वाक्ये पुरतात. ‘तुमच्या लोकांनी आपटून लोणच्याची बरणी फोडली!’ या वाक्यात राग आहे, मागणी नाही. शिवाय आपटताना कोणी पाहिलेले नसते, त्यामुळे कंपनी नेमका त्यावरच वाद घालते. म्हणून डोळ्यांना दिसले तेवढेच लिहावे:

‘वरील पावती क्रमांकाचे पार्सल १२ जून रोजी मिळाले. खोका एका कोपऱ्यात चेपलेला होता. आतील काचेची बरणी फुटली असून लोणचे सांडले आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ६५० रुपयांची भरपाई ७ दिवसांत द्यावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.’

येथे प्रत्येक क्रियापद आपापल्या नामाला धरून चालते. घाईत ‘बरणी फुटले आहे’ असे लिहिले जाते आणि फुटले ते पार्सल की बरणी, असा घोळ होतो. ‘शक्य असल्यास’ हे शब्द मागणीत मुळीच नकोत. नुसते ‘द्यावी’ सभ्यही आहे आणि ठामही. भरपाई मिळेपर्यंत खोका आणि आतले वेष्टन जपून ठेवावे. ‘बांधणीच कच्ची होती’ असे उत्तर आले, तर ते खोडायला हाच पुरावा कामी येतो.