पेडर रोडच्या चढासाठी राखून ठेवलेली कॉफी

१९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा अमेरिकेचा फ्रँक शॉर्टर धावताना गॅस काढून टाकलेला कोला प्यायला होता. लांब पल्ल्याच्या सायकलपटूंमध्येही शेवटच्या टप्प्यात कोला पिण्याची पद्धत जुनीच. २००२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ती तपासली. शर्यतीआधी घेतलेल्या कॅफिनच्या मोठ्या डोसाइतकाच फायदा उशिरा प्यायलेल्या थोड्याशा कोल्यानेही झाला.

याचं कारण मेंदूत आहे. श्रम वाढतात तसा तिथे ॲडेनोसिन साचतो आणि थकव्याची जाणीव होते. कॅफिन त्याची जागा अडवतं, म्हणून तोच वेग थोडा सोपा वाटतो. पण थकवा यायचा असतो तो बत्तिसाव्या किलोमीटरनंतर, आणि बहुतेक जण सगळं कॅफिन सुरुवातीच्या रेषेवरच संपवून टाकतात.

मुंबई मॅरेथॉन साडेचार तासांत पूर्ण करणारी साठ किलो वजनाची धावपटू घेऊ. साधारण मात्रा किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम. तिच्यासाठी ३ पुरे, म्हणजे १८० मिलिग्रॅम. पहाटे पाचला धाव सुरू होणार असेल तर चारच्या सुमारास एक कडक कॉफी, अंदाजे ८० मिलिग्रॅम. रक्तातलं प्रमाण शिखरावर यायला पाऊण ते एक तास लागतो. उरलेलं कॅफिन जेलमधून: पंधराव्या किलोमीटरला ५०, सव्विसाव्याला ५०. दुसऱ्या जेलचा जोर परतीच्या पेडर रोडच्या चढावर मिळतो, जिथे तो खरा हवा असतो. जेलच्या पाकिटावरचा आकडा मात्र वाचायलाच हवा. काहींत कॅफिन अजिबात नसतं, काहींत १०० मिलिग्रॅम असतं.

किलोमागे ९ मिलिग्रॅमपर्यंत गेल्याने वेग आणखी वाढत नाही. हात थरथरतात, छातीत धडधडतं, पोट बिघडतं. सुरुवातीलाच नाडी नेहमीपेक्षा बरीच वर असेल आणि जीव घाबरल्यासारखा वाटत असेल तर पुढचं जेल बिनकॅफिनचं घ्यावं. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

मग रोजच्या चहाचं काय? सवयीने परिणाम बोथट होतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. एका प्रयोगात चार आठवडे रोज कॅफिन दिल्यावर फायदा जवळजवळ नाहीसा झाला. ब्राझीलमधल्या चाळीस सायकलपटूंमध्ये मात्र कमी आणि भरपूर कॉफी पिणाऱ्यांना सारखाच लाभ झाला. शर्यतीआधी आठवडाभर चहा बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो फारसा पटत नाही: सोडल्यावर पहिले दोन दिवस डोकं ठणकतं, झोप आणि सराव बिघडतो, आणि हाती काय लागेल याची खात्री नाही. दोन कप पिणाऱ्याने दोन कपच प्यावेत. त्यापेक्षा पोटाची सवय महत्त्वाची. तेच जेल, त्याच वेळी, दोन-तीन रविवारच्या लांब धावांत घेऊन पाहावं. मळमळ झाली किंवा वाटेत शौचालय शोधावं लागलं, तर मात्रा निम्मी करून पुढच्या रविवारी पुन्हा तपासावी.